सव्दिप्रा

नौपाड्यात गोखले रोडवरून आत वळलं की फ्लेक्स आणि पत्रिका छापणारी दुकानं लागतात. गणपतीला आठ-दहा दिवस राहिले की तिथे पाय ठेवायला जागा नसते. आत शाईचा उग्र वास, मशीनचं डोकं डावीकडून उजवीकडे धावतानाचा एकसुरी आवाज, दाराबाहेर पत्र्यावर पाऊस, आणि कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलाच्या मागे उभं राहून स्क्रीनला बोट लावणारी माणसं. अशाच एका दुकानात घोडबंदर रोडच्या एका सोसायटीचा फलक उघडलेला होता. सोसायटीत मराठी, गुजराती, मल्याळी, बोहरी, ख्रिश्चन अशी सगळीच घरं. सेक्रेटरींनी मंडपाच्या दाराशी लावायला विचार करून ओळ निवडली होती: 'एकं सत्यं विप्रा बहुधा वदन्ति', खाली 'ऋग्वेद १.१६४.४६'. त्यांच्याबरोबर शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "सत्यं नाही हो, सत्." सेक्रेटरी म्हणाले, "अर्थ तोच ना, बाई?" बाईंनी उत्तर दिलं नाही. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत काहीतरी मोजलं आणि म्हणाल्या, "बारा होतायत." मुलाने 'त्यं' खोडलं, पुढचा शब्द जोडून टाइप केला आणि स्क्रीनवर उमटलं: 'एकं सव्दिप्रा'. द आधी की व आधी, हा मराठी पाट्यांचा जुना आजार. 'विव्दान' आणि 'व्दारा' शहरभर टांगलेले असतात. बाईंनी तेही सुधारून घेतलं. आता प्रिंट द्यायची, तर मुलगा खुर्चीत वळला. "बाई, पण 'बहुधा' का लिहिलंय? म्हणजे त्या लोकांना नक्की माहीत नव्हतं का?"

दुकानातले सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतंच. 'बहुधा पाऊस येईल' म्हणणारा माणूस ही ओळ वाचताना दुसरं काय समजणार? संस्कृतातला हा 'धा' म्हणजे 'प्रकारे' किंवा 'भागांत': एकधा, त्रिधा, शतधा. मराठीत तो 'द्विधा मनःस्थिती'मध्ये जसाच्या तसा उरला आहे. 'बहुधा' म्हणजे अनेक प्रकारांनी. मराठीत येता येता 'बऱ्याच प्रकारांनी'चं 'बऱ्याच वेळा' झालं, त्याचं 'बहुतेक करून' झालं आणि शेवटी त्यात शंका शिरली. गंमत अशी की या पाच शब्दांच्या ओळीत मराठी माणसाला ओळखीचे वाटणारे शब्दच त्याला चकवतात. 'विप्र' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शेंडी आणि पंचा येतो. ऋग्वेदातला विप्र ही जात नव्हे. 'विप्' म्हणजे थरथरणं. ज्याच्या आत शब्द येताना थरथर होते तो विप्र, स्फुरण पावलेला कवी. आणि 'सत्' म्हटलं की आपल्याला सत्संग, सत्पात्र, सत्कर्म आठवतात, म्हणजे चांगलं आणि खरं. पण 'सत्' हे 'अस्' धातूचं रूप आहे: असणारं, जे आहे ते. खरंखोटं हा प्रश्न त्यात अजून आलेलाच नाही. 'सत्य' हा शब्द याच 'सत्'ला प्रत्यय लागून तयार होतो, त्यामुळे नातं जवळचं आहे; पण बापाच्या जागी मुलाला उभं केलं की सात-बारा बदलतो. 'सत्य एक' म्हटलं की बाकीचं काहीतरी असत्य आहे अशी सावली लगेच पडते. 'जे आहे ते एक' म्हटलं की तशी पडत नाही. स्वामी विवेकानंद ही ओळ व्याख्यानांत वारंवार सांगत, आणि इंग्रजीत तिचा अर्थ देताना तेही 'जे अस्तित्वात आहे ते एक' असाच देत. 'सत्यं' आपण नंतर घातलं, बहुतेक 'सत्यमेव जयते' कानात घोळत असल्यामुळे.

बाईंनी बोटांवर जे मोजलं ते कोणालाही मोजता येतं, संस्कृत यावं लागत नाही. ही ऋचा त्रिष्टुभ् छंदात आहे. चार चरण, प्रत्येकात अकरा अक्षरं. अक्षर म्हणजे स्वर. जोडाक्षर कितीही जड असलं तरी एकच. ए-कं-सद्-वि-प्रा-ब-हु-धा-व-दन्-ति: अकरा. 'सत्यं' घातलं की ए-कं-सत्-यं-वि-प्रा-ब-हु-धा-व-दन्-ति: बारा. यावर कोणी म्हणेल, बारा अक्षरांचा जगती छंदही वेदात आहे, याच सूक्तात काही ऋचा जगतीत आहेत, मग ही तशी का नसेल? तर त्यासाठी शेपूट बघायचं. त्रिष्टुभाचा चरण गुरू-लघू-गुरू आणि मग एक सैल अक्षर असा संपतो: 'धा-व-दन्-ति' तंतोतंत तसा आहे. जगतीचं शेपूट एका अक्षराने लांब असतं, गुरू-लघू-गुरू-लघू आणि मग सैल अक्षर. म्हणजे 'सत्यं'वाली ओळ पोटात बारा आणि शेपटीने अकरा, कुठल्याच छंदात न बसणारी. शिवाय त्रिष्टुभात चौथ्या किंवा पाचव्या अक्षरानंतर जीभ क्षणभर टेकते. मूळ ओळीत ती 'विप्रा'वर, बरोबर पाचव्या अक्षरावर टेकते आणि मग 'बहुधा' दोन लघूंवरून पळत सुटतं. 'सत्यं' घातल्यावर टेकायची जागाच सरकते. ही ओळ मोठ्याने म्हणताना अडखळायला झालं, तर बहुतेक वेळा छापणाऱ्याने कुठेतरी हात मारलेला असतो.

यापुढची गोष्ट मात्र मोजून कळत नाही, तिला अन्वय लावावा लागतो. शाळेत संस्कृत घेतलेल्या प्रत्येकाला आठवत असेल: आधी क्रियापद शोधा, मग त्याला 'कोण' विचारा, मग 'काय'. क्रियापद 'वदन्ति', बोलतात, अनेकवचन. कोण? 'विप्राः', इथे संधीमुळे विसर्ग गेलेला. काय? 'एकं सत्'. म्हणजे 'एकं सत्' हे या वाक्याचं कर्म आहे, द्वितीया विभक्ती. नपुंसकलिंगात प्रथमा आणि द्वितीया सारखीच दिसते, म्हणून आपली फसगत होते आणि आपण 'सत् एक आहे' असं आधी एक वाक्य करतो, मग 'पण ज्ञानी लोक त्याला...' असं दुसरं. मूळ ओळीत 'आहे' नाही, 'पण' नाही, 'जरी' नाही, आणि 'नावं' हा शब्दही नाही. एकच वाक्य आहे: विप्र एका सत्‌ला अनेक प्रकारांनी बोलतात. किंवा 'सत्' हे निव्वळ कृदन्त धरलं तर: एक असलेल्याला अनेक प्रकारांनी बोलतात. दोन्ही वाचनं चालतात. दोन्हींत घोषणा एकत्वाची नाही. एकत्व गृहीत धरलं आहे, आणि सांगितलं आहे ते बोलण्याबद्दल.

हे अतिबारीक वाटेल. पण सबंध ऋचा समोर ठेवली की ते बारीक राहत नाही.

इन्द्रं मित्रं वरुणमग्निमाहुरथो दिव्यः स सुपर्णो गरुत्मान् ।
एकं सद्विप्रा बहुधा वदन्त्यग्निं यमं मातरिश्वानमाहुः ॥

पहिली गोष्ट, आपली फलकावरची ओळ इथे सुटी नाहीच. 'वदन्ति' पुढच्या 'अग्निं'ला चिकटून 'वदन्त्यग्निं' झालं आहे. संहिता म्हणणारा तिथे थांबूच शकत नाही. थांबायचं तर संधी सोडवावी लागते, ऋचांची पदं सुटी करून देणाऱ्या पदपाठात शाकल्याने सोडवली तशी. फलकावर, ग्रीटिंग कार्डावर, भाषणात येते ती ओळ म्हणजे कात्रीने कापलेला एक चरण आहे, आणि कात्री एका अक्षराच्या मधून गेलेली आहे. दुसरी गोष्ट, ऋचेत 'अग्नि' दोनदा आला आहे. पहिल्या चरणात आणि चौथ्यात. नुसती नावांची यादी असती तर एकच नाव दोनदा कशाला? याचं एक चांगलं उत्तर वेदातल्या शब्दांचे अर्थ लावणाऱ्या यास्काच्या निरुक्तात मिळतं. त्याच्या मते ही ऋचा अग्नीबद्दल आहे: याच अग्नीला, या एका महान आत्म्याला, मेधावी लोक अनेक प्रकारांनी बोलतात. 'आहुः' दोन द्वितीया घेऊ शकतं, कोणाला म्हणतात आणि काय म्हणतात. तसं वाचलं की पहिला चरण 'अग्नीला इन्द्र, मित्र, वरुण म्हणतात' असा होतो आणि शेवटचा 'अग्नीला यम, मातरिश्वा म्हणतात' असा. दोनदा आलेला अग्नी मग पुनरुक्ती राहत नाही, दोन वाक्यांचा खुंटा होतो. पाचव्या मंडलात याला आधार सापडतो: 'त्वमग्ने वरुणो जायसे यत्त्वं मित्रो भवसि यत्समिद्धः'. अग्नी, तू जन्मतोस तेव्हा वरुण असतोस, पेटवलं की मित्र होतोस, आणि देणाऱ्या माणसासाठी इन्द्र. म्हणजे ही नावं कुठलंही उचला आणि चालवा अशी नाहीत. प्रत्येक नाव एका अवस्थेचं आहे. पहाटे विस्तवाला जे म्हणायचं ते भडकल्यावर म्हणायचं नाही. अनेक नावं म्हणजे सगळी सारखीच, असा जो आरामशीर अर्थ आपण काढतो, तो वेदातल्या नावं ठेवणाऱ्याला पटला नसता.

तिसरी गोष्ट सगळ्यांत चटका लावणारी. विभक्ती बघत चला: इन्द्रं, मित्रं, वरुणम्, अग्निम्, यमं, मातरिश्वानम्. सगळे द्वितीयेत, सगळे कोणीतरी 'म्हटलेले'. आणि मधोमध एकटाच प्रथमेत उभा असलेला: 'दिव्यः स सुपर्णो गरुत्मान्'. तो आकाशातला, सुंदर पंखांचा, गरुत्मान् पक्षी. त्याला कोणी काही म्हणत नाही, तो 'आहे'. एवढा एकच जण 'आहुः'च्या जाळ्यातून सुटलेला दिसतो. यास्क ऋचेचा अर्थ सांगताना हळूच त्यालाही द्वितीयेत ओढतो, 'दिव्यं च गरुत्मन्तम्', म्हणजे तोही यादीतलं आणखी एक नाव. व्याकरणाने हेही खपतं. 'असं म्हणतात' या अर्थाचा 'इति' गृहीत धरला की झालं. पण कवीला तो पक्षी इतरांसारखाच यादीत बसवायचा असता, तर 'दिव्यं सुपर्णं' म्हणायला त्याचं काय जात होतं? याच सूक्ताच्या शेवटच्या, बावन्नाव्या ऋचेत तो 'दिव्यं सुपर्णं' म्हणतोच, तिथे त्या पक्ष्याला हाक मारायची आहे म्हणून. मला तरी ही प्रथमा चूक किंवा छंदाची सोय वाटत नाही.

या ओळीला ऋग्वेदातच एक सख्खी बहीण आहे, दहाव्या मंडलात, ११४व्या सूक्तात: 'सुपर्णं विप्राः कवयो वचोभिरेकं सन्तं बहुधा कल्पयन्ति'. विप्र, कवी, वाचेच्या साह्याने एका असलेल्या पक्ष्याला अनेक प्रकारांनी घडवतात. शब्द जवळजवळ तेच: विप्र, एक, बहुधा. इथे मात्र 'सन्तं' आहे, पुल्लिंगी, कारण पक्षी पुल्लिंगी. आणि ही द्वितीया आहे यात शंकाच उरत नाही, म्हणून 'एकं सत्'चा अन्वय कसा लावायचा याची ही घरातलीच साक्ष. पुढच्याच शब्दांत ती ऋचा यज्ञातले छंद आणि सोमाचे बारा ग्रह, म्हणजे बारा पात्रं, यांच्याबद्दल बोलायला लागते. 'बहुधा कल्पयन्ति' म्हणजे तिथे कामाची वाटणी आहे: एकच सोम बारा पात्रांत, एकच पक्षी अनेक छंदांत. ही बहीण शेजारी ठेवली की आपल्या ऋचेत कवीने काय केलं ते स्पष्ट दिसतं. पक्षी प्रथमेत मोकळा सोडला, आणि 'सन्तं'च्या जागी 'सत्' ठेवून त्या एकाला लिंगच काढून घेतलं. इन्द्र, मित्र, वरुण सगळे पुरुष, पक्षीही तो. ज्याला हे सगळं म्हणायचं ते मात्र 'ते'.

हे 'ते' आकाशातून पडलेलं नाही. बावन्न ऋचांच्या या सूक्ताच्या सुरुवातीलाच कवीने ते मागून ठेवलं आहे. दीर्घतमा औचथ्य, नावातच लांब अंधार असलेला, परंपरेने आंधळा मानलेला, सहाव्या ऋचेत म्हणतो: मला कळत नाही, ज्यांना कळतं त्या कवींना विचारतो, कळावं म्हणून, ज्याने ही सहा रजांसि, म्हणजे सहा लोक, वेगळी करून टेकवून धरली, त्या अजाच्या रूपातलं 'किमपि स्विदेकम्', ते एक नेमकं काय? 'किम्' आणि 'एकम्', दोन्ही नपुंसकलिंगी. (अज म्हणजे न जन्मलेला; अज म्हणजे बोकडही. दीर्घतम्याला असले श्लेष आवडतात.) प्रश्न सहाव्या ऋचेत आणि 'एकं' हा शब्द पुन्हा त्याच लिंगात येतो तो छेचाळिसाव्यात. सूक्तभर कोडीच कोडी: एक चाकाचा रथ, त्याला सात जण जुंपतात आणि सात नावांचा एकच घोडा ओढतो, बारा आऱ्यांचं न झिजणारं चाक, त्यावर जोडीजोडीने उभे असलेले सातशे वीस मुलगे, म्हणजे वर्षाचे दिवस आणि रात्री, एकाच झाडाला बिलगलेले दोन पक्षी, एक फळ खाणारा आणि एक नुसता बघणारा, जे पुढे मुण्डकोपनिषदाने उचलले. 'सात नावांचा एक घोडा' दुसऱ्याच ऋचेत आहे हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. एक आणि त्याची अनेक नावं हा विचार छेचाळिसाव्या ऋचेत अचानक सुचलेला नाही. सूक्त पहिल्यापासून तेच चाक फिरवतं आहे.

आणि आता शेजार. पंचेचाळिसावी ऋचा मराठी घरांना वेगळ्या वाटेने माहीत आहे. परा, पश्यन्ती, मध्यमा, वैखरी या चार वाचा आपल्या संतवाङ्मयातून कानावर पडलेल्या असतात. त्या चारांचं मूळ म्हणून जी ऋचा दाखवतात ती हीच, 'चत्वारि वाक्परिमिता पदानि'. वाचेची मोजलेली पदं चार, ती मननशील ब्राह्मणांना ठाऊक. तीन गुहेत ठेवलेली, हलत नाहीत. 'तुरीयं वाचो मनुष्या वदन्ति', चौथं तेवढं माणसं बोलतात. पतंजलीने महाभाष्याच्या सुरुवातीलाच ही ऋचा घेऊन त्या चारांचा अर्थ नाम, आख्यात, उपसर्ग, निपात असा लावला. परा-पश्यन्ती हा अर्थ त्याच्याही नंतरचा. आपल्याला इथे हवं आहे ते शेवटचं क्रियापद. 'वदन्ति'वर ऋचा संपते. लगेच पुढच्या ऋचेत इन्द्र-मित्र येतात आणि तिसऱ्या चरणाच्या टोकाला पुन्हा तेच क्रियापद, त्याच जागी: 'मनुष्या वदन्ति', 'विप्रा बहुधा वदन्ति'. सलग म्हणणाऱ्याच्या कानाला हे वाजल्याशिवाय राहत नाही. माणसांच्या वाट्याला वाचेचा फक्त चौथा हिस्सा आला आहे, आणि त्या चौथ्या हिश्शात एकाबद्दल बोलायचं म्हणजे अनेक प्रकारांनीच बोलावं लागणार. बहुधा बोलणं हे ज्ञान्यांचं औदार्य आहे असं फलकावरची ओळ सुचवते. पंचेचाळिसावी ऋचा जोडून वाचली की ते वाचेचं परिमाण वाटायला लागतं: तीन पदं न हलता गुहेत बसली आहेत, हातात आहे त्यात काम भागवणं चाललं आहे.

सत्तेचाळिसावी ऋचा लगेच वर बघायला लावते. काळ्या वाटेने, पाणी पांघरून, सोनेरी पक्षी आकाशात उडतात. ऋताच्या घरातून ते परत फिरतात आणि पृथ्वी तुपाने भिजते. 'हरयः सुपर्णाः'. सुपर्ण पुन्हा आला, या खेपेला अनेकवचनात. छेचाळिसाव्यात जो एकटा प्रथमेत उभा होता तोच इथे थवा होऊन पाणी वर नेतो आहे, पाऊस होऊन खाली येतो आहे. भाद्रपदात येऊरच्या डोंगरावरून वाफ उठताना आणि तासाभराने तीच वाफ घोडबंदर रोडवर कोसळताना ज्याने पाहिली आहे त्याला ही ऋचा समजवायला नको. प्रत्येक ऋचेचा ऋषी, देवता आणि छंद नोंदवणाऱ्या कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीत छेचाळीस आणि सत्तेचाळीस या दोन्ही ऋचांची देवता सूर्य दिली आहे आणि भाष्यकार सायणही त्या वाटेने जातो: या आदित्यालाच इन्द्र म्हणतात, मित्र म्हणतात. यास्क म्हणतो अग्नी. म्हणजे 'एक' ते कोण, याबद्दल विप्रांनी लगेच बहुधा बोलायला सुरुवात केलेली आहे. त्याच्याही पुढे अठ्ठेचाळिसावी: बारा पाट्या, चाक एक, नाभी तीन, आणि त्यात तीनशे साठ खुंट्या ठोकलेल्या. पुन्हा एक आणि अनेक, फक्त आता देवांच्या नावांऐवजी सुताराच्या भाषेत. चाकाला खुंट्या किती, असं विचारणाऱ्याला तीनशे साठ म्हणता येतं. चाकं किती असं विचारलं तर एक.

ही ऋचा कुठे बसवली आहे यावर तिचा आवाज किती बदलतो हे बघायचं तर अथर्ववेद उघडावा. शौनक शाखेच्या नवव्या कांडात हेच सूक्त दोन तुकड्यांत आलं आहे, नववं आणि दहावं सूक्त. दहाव्या सूक्ताच्या शेवटी 'त्रयः केशिनः', मग 'चत्वारि वाक्', मग 'इन्द्रं मित्रं', हा ऋग्वेदातला चव्वेचाळीस-पंचेचाळीस-छेचाळीसचा क्रम तसाच ठेवला आहे. फक्त तिथे अठ्ठाविसावी ऋचा म्हणून 'इन्द्रं मित्रं' आली की सूक्त संपतं. तिच्यामागून ना पाणी पांघरलेले पक्षी येत, ना तीनशे साठ खुंट्या. अथर्ववेदात ती शेवटचा शब्द आहे, निकाल दिल्यासारखी. ऋग्वेदात मात्र तिच्यानंतर सहा ऋचा आहेत आणि त्यांतली एकही निकालाबद्दल बोलत नाही: पाऊस, चाक, सरस्वतीचा न आटणारा स्तन, देवांनी यज्ञाने केलेला यज्ञ, दिवसागणिक वर जाणारं आणि खाली येणारं तेच ते पाणी, आणि शेवटी पुन्हा पक्षी. आपण फलकावर लावतो ती ओळ पत्ता ऋग्वेदाचा सांगते आणि वागते अथर्ववेदातल्यासारखी. एकोणिसाव्या शतकात दयानंदांनी सत्यार्थप्रकाशाच्या पहिल्याच समुल्लासात ही ऋचा घेतली ती इन्द्र, मित्र, वरुण ही एकाच ईश्वराची नावं आहेत हे ठरवायला. नंतर ती सर्व धर्मांना लावली गेली. लावू नये असं नाही. मंडपाच्या दारात बोहरी शेजाऱ्याला 'या' म्हणायला ओळ हवी असेल तर याहून बरी ओळ शोधावी लागेल. पण दीर्घतमा धर्मांबद्दल बोलत नव्हता. तो तोंडात असलेल्या चौथ्या हिश्शाबद्दल आणि डोक्यावरून गेलेल्या पक्ष्याबद्दल बोलत होता. हे त्या ओळीच्या आधी आणि नंतर इतकं ठळक लिहिलेलं असताना आपण फक्त मधलं उचलतो याची थोडी चुटपुट लागतेच.

दुकानातल्या मुलाला बाईंनी यातलं अगदी थोडं सांगितलं. 'बहुधा' म्हणजे अनेक प्रकारे. नक्की माहीत नव्हतं का, तर याच सूक्तात कवी पुन्हा पुन्हा उघड म्हणतो की मला कळत नाही, पाचव्या-सहाव्या ऋचांत आणि मग सदतिसाव्यात, 'न वि जानामि यदिवेदमस्मि', मी नेमका कशासारखा आहे हे मला ठाऊक नाही. तेव्हा तुझा मराठी 'बहुधा' अगदीच चुकला असं नाही, असंही म्हणाल्या. सेक्रेटरींना पूर्ण ऋचा घालू या असं सुचवून पाहिलं. त्यांनी सहा बाय तीनच्या मापात दोन ओळी बसवून बघितल्या. 'वदन्त्यग्निं' कुठेच तोडता येईना आणि अक्षर इतकं बारीक झालं की मंडपाच्या दारातून कोणी वाचलं नसतं. शेवटी एकच चरण राहिला, 'सत्' नीट, 'द्वि' नीट. मुलाने ओळ मधोमध आणली. वरती बरीच पिवळी जागा मोकळी राहिली.

"वर काही टाकू का? ओम, दिवा, सूर्य, सगळं आहे."

"पक्षी टाक," बाई म्हणाल्या.

"कुठला?"

"मोठ्या पंखांचा. आणि त्याच्याखाली नाव लिहू नकोस."

मुलाने फोल्डर उघडला. सेक्रेटरी घड्याळाकडे बघत होते, बाहेर पावसाने जोर धरला होता.